खिडकी लाल, दिवे चालू

मे महिन्यात वाई तालुक्यातल्या एका वाचकांनी फोनवर एक फोटो पाठवला. छतावर सोलर बसवताना मीटरशेजारी जी प्लॅस्टिकची पेटी बसवतात, तिचं झाकण उघडून काढलेला. आत दोन एमसीबी आणि त्यांच्या शेजारी तेवढ्याच रुंदीचे दोन कप्पे असलेलं एक उपकरण. प्रत्येक कप्प्यावर तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी खिडकी. उजवीकडची हिरवी, डावीकडची लाल.

खाली त्यांनी लिहिलं होतं, "काल संध्याकाळी वळीव झाला. आकाशात कडकडाट सुरू होता, अर्धा तास लाइट नव्हती. आल्यापासून ही खिडकी लाल आहे. पण पंखा, फ्रिज, टीव्ही सगळं चालू आहे. मग बिघडलं काय? आणि पुढच्या पावसाला आमच्याकडे संरक्षण उरलंय किती? अर्धं धरायचं का?"

हे उपकरण म्हणजे सर्ज प्रोटेक्टर, इलेक्ट्रिशियनच्या भाषेत एसपीडी. काही वर्षांपूर्वी ते कारखान्यांत आणि मोबाइल टॉवरच्या पेट्यांतच दिसायचं. सोलरच्या निमित्ताने आता ते गावोगावी घरांत पोचलं आहे, पण त्याच्या खिडकीचा अर्थ मात्र सोबत पोचलेला नाही.

वाचकांच्या पहिल्या शंकेचं उत्तर जोडणीत आहे. घराला जाणारा करंट एसपीडीतून जातच नाही. ते फेज आणि न्यूट्रल यांच्या मध्ये बाजूला बसलेलं असतं, धरणाच्या सांडव्यासारखं. पातळी नेहमीची असते तेव्हा सांडवा कोरडा असतो आणि कालव्याला पाणी आपल्या वाटेने जात राहतं. उद्या सांडवा कायमचा बुजला, तरी कालवा वाहतोच. म्हणून एसपीडी निकामी झालं तरी एकही दिवा विझत नाही. त्याचं जाणं कळायला ती एवढीशी खिडकी सोडली तर दुसरं काही नाही.

या सांडव्याचं दार कशाचं असतं, हे सांगायला मला नेहमीच आवडतं. कप्प्याच्या आत जस्ताच्या ऑक्साइडची भाजलेली चकती असते. अंगाला खाज सुटली की लावतो त्या गुलाबी कॅलामाइन लोशनमध्ये हीच पांढरी पूड असते, आणि वैद्यांचं यशद भस्मही मुख्यतः हेच. या पुडीत बिस्मथ, कोबाल्ट, मँगनीज यांची ऑक्साइडं चिमूटभर मिसळून ती हजार अंशांच्या वर भाजली, की जस्ताच्या ऑक्साइडचे बारीक कण होतात, मिलिमीटरच्या साधारण पासष्टाव्या हिश्शाएवढे. बिस्मथसारखे मोठे अणू कणांच्या आत मावत नाहीत, ते कणांच्या सीमेवर जमतात. आणि सगळी करामत त्या सीमेत आहे.

मावळात डोंगरउतारावर भाताची खाचरं एकाखाली एक असतात, तसं हे समजा. कण म्हणजे खाचर आणि सीमा म्हणजे बांध. प्रत्येक बांध सुमारे तीन व्होल्ट अडवतो. तेवढ्यापर्यंत जवळपास काहीच पलीकडे जात नाही, त्याच्या वर गेलं की बांधावरून लोंढा सुटतो. घरगुती एसपीडीत जी चकती सर्रास वापरतात ती सुमारे ४३० व्होल्टला उघडायला लागते. म्हणजे तिच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत एकामागे एक असे जवळपास १४० बांध, आणि तेही दोनेक मिलिमीटरच्या जाडीत. आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्याचं शिखर सुमारे ३२५ व्होल्टला असतं, ते या बांधांच्या बरंच खाली राहतं. सर्ज आला की सगळे बांध एकदमच ओसंडतात, हजारो अँपिअर चकतीतून न्यूट्रलकडे निघून जातात, आणि लोट ओसरला की बांध पुन्हा पहिल्यासारखे कोरडे होतात. हे सगळं सेकंदाच्या काही लाखांश भागात घडतं. एमसीबीला हलायला सेकंदाचा हजारांश भाग तरी लागतो, त्यामुळे या शर्यतीत तो नसतोच.

हा पदार्थ जपानमध्ये मात्सुशिता कंपनीच्या प्रयोगशाळेत मिचिओ मात्सुओका यांनी घडवला आणि १९७१ मध्ये त्याच्या या विचित्र वागण्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ट्रान्झिस्टर शोधणाऱ्यांची नावं शाळेच्या पुस्तकात येतात. मात्सुओकांची चकती एलईडी बल्बच्या बुडापासून चार लाख व्होल्टच्या सबस्टेशनपर्यंत सगळीकडे पहारा देते, पण त्यांचं नाव अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांच्या आधी हे काम सिलिकॉन कार्बाइड करायचं. ते इतकं पाझरायचं, की त्याच्या आणि तारेच्या मध्ये हवेची फट ठेवावी लागे. मात्सुओकांचे बांध एवढे घट्ट निघाले की ती फटच नको झाली.

पण बांध म्हटला की झीज आली. मोठा लोंढा गेला की काही बांधांना खांडी पडतात. पुढच्या वेळी पाणी तिथूनच जास्त जातं, ते आणखी खचतात, आणि एक दिवस असा येतो की लोंढा नसतानाही, साध्या २३० व्होल्टवर, त्यातून थोडा करंट पाझरू लागतो. पाझराने चकती तापते. जस्ताच्या ऑक्साइडची खोड अशी, की ते तापलं की आणखी पाझरतं आणि पाझरलं की आणखी तापतं. हे चक्र कुणी तोडलं नाही तर चकती पेट घेऊ शकते. सुरुवातीच्या काळातल्या साध्या एक्स्टेंशन पट्ट्यांमध्ये अशा आगी लागलेल्या आहेत.

ते चक्र तोडण्यासाठी कप्प्याच्या आत एक फार सुरेख गोष्ट केलेली असते. चकतीला जोडणारी पट्टी कमी तापमानाला वितळणाऱ्या डाखाने चिकटवलेली असते आणि एक स्प्रिंग तिला सतत मागे ओढत असते. चकती ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की डाख वितळतो, स्प्रिंग पट्टीला खेचून घेते आणि चकती तारेपासून सुटते. त्याच हालचालीत एक छोटा प्लॅस्टिकचा तुकडा सरकतो आणि खिडकीत हिरव्याच्या जागी लाल येतो. तिथे ना सर्किट, ना सेन्सर, ना विजा मोजणारा काउंटर.

म्हणजे लाल खिडकी ही तापमानाची नोंद आहे. 'चकती फार तापली म्हणून मी तिला सोडवलं', एवढंच ती सांगते. वीज पडली होती का, याबद्दल ती गप्प असते.

दुकानात मात्र वेगळं ऐकायला मिळतं. "लाल झालं ना, म्हणजे त्याने स्वतः जळून तुमचं घर वाचवलं." ही गोष्ट ऐकायला छान आहे आणि ती लोकांना चुकीच्या दिशेला नेते. चांगल्या एसपीडीचं काम लोंढा जाऊ देऊन पुन्हा उभं राहणं हे आहे. आंतरराष्ट्रीय मानकाच्या कसोटीत, ज्या करंटचा आकडा त्यावर छापलेला असतो, समजा २० हजार अँपिअर, तसे पंधरा लोंढे त्यातून सोडतात, आणि तरीही ते जोडलेलं राहावं लागतं. ज्याने खरोखर घर वाचवलं, त्याची खिडकी बहुतेक वेळा हिरवीच असते.

उष्णतेचा हिशेब मांडला की हे आणखी स्पष्ट होतं. समजा घरापासून काही अंतरावर वीज पडली आणि तारेवरून १० हजार अँपिअरचा सर्ज आला. घराच्या पेटीपर्यंत पोचणारा हा बराच मोठा आकडा. चकतीवर तेव्हा साधारण हजार व्होल्ट असतील आणि हे सगळं वीस मायक्रोसेकंदांत आटोपेल. तिघांचा गुणाकार होतो २०० जूल. हजार वॉटची इस्त्री एवढी ऊर्जा सेकंदाच्या पाचव्या भागात खाते. वीसेक ग्रॅमची चकती त्याने वीस अंशांच्या आसपास तापेल, आणि डाख वितळायला त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. आधीच झिजलेली चकती एका सर्जने कोलमडू शकते, हे खरं. पण नव्या, धडधाकट चकतीला तापवायचं तर लाखांश सेकंदाचा तडाखा पुरत नाही. जास्तीचा व्होल्टेज काही सेकंद किंवा मिनिटं टिकावा लागतो. आकाशातली वीज एवढी टिकत नाही.

म्हणून मी त्या वाचकांना फोन केला आणि आधी एसपीडीबद्दल काहीच विचारलं नाही. लाइट जाण्याआधी काय दिसलं, तेवढं विचारलं.

"दिवे झगझगीत झाले होते," ते म्हणाले. "पंखा घुमायला लागला. फ्रिजचा स्टॅबिलायझर टकटक करून बंद पडला. दोन एलईडी बल्ब गेले. मग पाच-सात मिनिटांनी लाइटच गेली."

"शेजारी?"

"त्यांचं उलटं. त्यांचे दिवे मिणमिणते झाले होते. त्यांनी पाणी तापवायला गीझर लावला होता, तो तापेचना."

एका घरात झगझगाट आणि शेजारी मिणमिण, ही तुटलेल्या न्यूट्रलची खूण आहे. वादळी वाऱ्यात तारा हेलकावतात, खांबावरचा किंवा डीपीवरचा न्यूट्रलचा सांधा सैल पडतो किंवा जळतो, आणि वेगवेगळ्या फेजवरची घरं नकळत एकामागे एक जोडली जातात.

हे आकड्यांत बघू. शेजारच्यांचं घर एका फेजवर, गीझरचा भार २००० वॉट. वाचकांचं घर दुसऱ्या फेजवर, पंखा-दिवे-फ्रिज मिळून २०० वॉट. तिसऱ्या फेजवर त्या वेळी काही नाही असं धरू. न्यूट्रल असताना प्रत्येकाला आपापले २३० व्होल्ट मिळतात. न्यूट्रल तुटला की दोन फेजमधले ४०० व्होल्ट या दोन घरांत वाटले जातात, आणि वाटणी होते रोधाच्या प्रमाणात. गीझरचा रोध सुमारे २६ ओहम. हलक्या भाराचा रोध त्याच्या दहापट, सुमारे २६४ ओहम. म्हणून ४०० पैकी ३६ व्होल्ट गीझरच्या वाट्याला येतात आणि जवळजवळ ३६४ व्होल्ट वाचकांच्या घरात. जो कमी वीज वापरतो त्याच्याच घरावर जास्त व्होल्टेज येतो. ज्याने वापर आवरता ठेवला त्याचेच बल्ब जावेत, ही या गणितातली गोष्ट मला दर वेळी खटकते.

३६४ व्होल्टचं शिखर जवळपास ५१५ व्होल्टला जातं. ४३० ला उघडणारे बांध आता सेकंदाला शंभर वेळा, प्रत्येक अर्ध्या फेरीत ओसंडू लागतात. एका वेळचा करंट सर्जच्या मानाने किरकोळ असतो, पण तो थांबत नाही. काही मिनिटांत चकती डाख वितळण्याइतकी तापली आणि खिडकी लाल झाली. वरच्या कडकडाटाशी तिचा थेट संबंध असेलच असं नाही. वादळाने तार हलवली आणि पुढचं सगळं तारेने केलं.

वाचकांच्या लाल झालेल्या कप्प्यावर, म्हणजे मॉड्यूलवर, यूसी या अक्षरांपुढे २७५ व्होल्ट छापलेलं होतं. सतत किती व्होल्टेज सोसेल, त्याचा हा आकडा. आपल्याकडे ३२० व्होल्टचंही मॉड्यूल मिळतं. त्याची चकती ५१० च्या आसपास उघडते, म्हणजे या प्रसंगात ती जेमतेम काठावर राहिली असती आणि बहुधा वाचली असती. बदल्यात ती खऱ्या सर्जला थोडी वर उघडते. न्यूट्रल वारंवार सुटणाऱ्या ग्रामीण लाइनवर मी ३२० घ्यायला सांगेन.

मात्र एसपीडी वाचलं असतं तरी बल्ब वाचले नसते. मिनिटं टिकणारा व्होल्टेज अडवणं त्याचं कामच नाही. त्यासाठी जास्त आणि कमी व्होल्टेजला पुरवठाच तोडणारं वेगळं उपकरण लागतं.

आता दुसरा प्रश्न, उरलं किती? डावी खिडकी लाल आणि उजवी हिरवी, म्हणून अर्धं, हा अंदाज साहजिक आहे पण बरोबर नाही. डावा कप्पा फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये असतो. उजवा न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये. उजव्यात चकती नसून वायू भरलेली सीलबंद नळी असते. ती पाझरत नाही, तापत नाही, म्हणून तिची खिडकी सहसा हिरवीच राहते. डावा कप्पा सुटल्यावर फेजला लागून काहीच उरत नाही. फेजवरून आलेल्या सर्जला न्यूट्रलकडे जायची वाट नाही, मग पुढची नळी शाबूत असून उपयोग काय? त्या पेटीत फेजवरचं संरक्षण त्या दिवशी शून्य होतं.

त्यानंतर सर्ज आला तर तो घरात पुढे सरकतो आणि जिथे बांध सगळ्यांत बुटका असेल तिथे फुटतो. टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये, राउटरच्या अडॅप्टरमध्ये, एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये मात्सुओकांचीच चकती असते, पण करंगळीच्या नखाएवढी. मोठ्या भावाने सोडलेलं ओझं आता तिच्यावर येतं. घरातली साधी उपकरणं अडीच हजार व्होल्टचा झटका सोसतील अशी बनवायची असतात, नाजूक इलेक्ट्रॉनिक्स दीड हजारांचा. सहा हजारांच्या आसपास गेलं की सॉकेटच्या आतच ठिणगी पडते.

सोसायट्यांच्या थ्री-फेज पॅनेलमध्ये चार खिडक्या असतात, आर, वाय, बी आणि न्यूट्रलची. तिथे एकच लाल झाली तर बाकी दोन फेज खरोखर सुरक्षित राहतात. पण लाल फेजवरचे फ्लॅट उघडे पडतात, आणि तिन्ही फेजवर चालणारी लिफ्टही, कारण तिच्या ड्राइव्हला सर्ज कुठल्याही एका तारेवरून आला तरी पुरतो.

मॉड्यूल बदलणं दहा मिनिटांचं काम आहे, पण क्रम महत्त्वाचा. मी वाचकांना सांगितलं, नवं मॉड्यूल आणण्याआधी वायरमनकडून न्यूट्रल तपासून घ्या आणि मग पेटीत फेज-न्यूट्रल व्होल्टेज मोजा, एकदा सगळं बंद असताना आणि एकदा फक्त शेजाऱ्यांचा गीझर चालू करून. गीझर लागला की शेजारच्यांचा व्होल्टेज पडतो आणि तुमचा त्याच वेळी बराच चढतो असं दिसलं, तर न्यूट्रल अजून कच्चा आहे. त्यात नवं मॉड्यूल लावलं तर तेही दोन दिवसांत लाल होईल आणि तुम्ही कंपनीला दोष द्याल. पुरवठा बंद करून जुनं मॉड्यूल वर ओढलं की निघतं, बेस आणि वायरिंगला हात लावावा लागत नाही. नवं त्याच बेसमध्ये बसणारं आणि एसीचंच हवं, सोलरच्या डीसी पेटीतलं वेगळं असतं.

फोटोत आणखी एक गोष्ट दिसली होती. एसपीडीकडे येणाऱ्या तारा नीट वेटोळे करून पेटीच्या कडेला बांधल्या होत्या, फेज आणि न्यूट्रल मिळून सहज मीटरभर. दिसायला नेटकं, पण सर्जच्या वेगाला सरळ तारही अडथळा असते. १० हजार अँपिअर आठ मायक्रोसेकंदांत चढतात तेव्हा मीटरभर तारेवरच सुमारे १२५० व्होल्ट उभे राहतात. एसपीडीने व्होल्टेज १५०० वर रोखला, त्यात ही भर पडली की घराला २७५० दिसतात, म्हणजे उपकरणांच्या अडीच हजारांच्या वर. दोन्ही बाजूंच्या तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवायच्या असतात. ते वेटोळं कापून टाका, एवढंच मी सांगितलं. त्याला खर्च काही नाही.

आठवड्याने त्यांचा निरोप आला. खांबावरचा न्यूट्रलचा सांधा जळून काळा पडला होता, वायरमनने तो बदलला. इलेक्ट्रिशियनने ३२० चं मॉड्यूल बसवलं, तारा आखूड केल्या. सोबत नवा फोटो होता, दोन्ही खिडक्या हिरव्या.

मी फोटो मोठा करून पाहिला. एसपीडीच्या आधी त्याचा स्वतःचा एक एमसीबी असतो, चकती अचानक शॉर्ट झाली तर तोडण्यासाठी. काम करताना तो खाली पाडलेला होता आणि तसाच राहिला होता. मॉड्यूल नवं, डाख शाबूत, स्प्रिंग ताणलेली, म्हणून खिडकी हिरवी. पण सांडव्यापर्यंत पाणी पोचायची वाटच बंद. खिडकीला हे कळायचा मार्ग नाही, तिला फक्त चकतीची उष्णता कळते.

फोन लावला. "डावीकडून दुसरा एमसीबी बघा. दांडी खाली आहे का?"

पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. "हो, खाली आहे."

"वर करा."

टक् आवाज झाला. "केला," ते म्हणाले. "पण खिडकीत तर काहीच बदललं नाही."

"नाहीच बदलणार," मी म्हटलं. "दर पावसाआधी खिडकीबरोबर ही दांडीही बघत जा."